लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय. परतीचं तिकीट कधीचं काढू?

*"मी वरूड तालुक्यातल्या एका गावची, वय ५६. मुलगी न्यू जर्सीत असते. तिला डॉक्टरांनी २० जून ही तारीख दिली आहे. मी २८ मेला निघणार, पण परत कधी यायचं ते काही ठरत नाही. मुलगी म्हणते, पूर्ण सहा महिने राहा. घरी सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांच्या तब्येतीचा भरवसा नाही. हे म्हणतात, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू व्हायच्या आत ये. अमरावतीचा एजंट म्हणतो, 'काकू, ओपन तिकीट घ्या, वर्षभर चालते, पाहिजे तेव्हा या.' तारखेचं तिकीट १ लाख १८ हजारांना आहे, ओपन १ लाख ५२ हजारांना. वरचे ३४ हजार द्यावेत का? की एकाच बाजूचं तिकीट काढून जावं?"*

ताई, पैसे देण्याआधी एजंटला एकच विचारा : छापील तिकिटावर परतीच्या तारखेच्या जागी काय येणार आहे? तारीख, की कोरी जागा? या उत्तरावरच पुढचं सगळं ठरेल. मी अमरावतीत अकरा वर्षं तिकिटांच्या काउंटरवर बसले आहे, आणि 'ओपन' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला रोज ऐकला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे खरं ओपन तिकीट. यात परतीच्या प्रवासाचे पैसे भरलेले असतात, मार्ग ठरलेला असतो, पण विमान आणि तारीख ठरलेली नसते. तुमच्या नावाने एकही सीट राखलेली नसते. यायचं ठरलं की फोन करून सीट मागायची आणि मिळाली की यायचं. पूर्वी अशी तिकिटं बरीच निघत. आता ती कमी निघतात, आणि निघाली तरी महागाच्या भाड्यातच निघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तारखेचंच तिकीट, पण तारीख बदलू देणारं. परतीची एक तारीख टाकायची, सीट पक्की करायची, आणि पुढे गरज पडली तर नियमाप्रमाणे पैसे भरून ती बदलायची. आज बहुतेक एजंट 'ओपन' म्हणतात तेव्हा हेच देतात. हे तिकीट वाईट नाही, उलट चांगलं आहे. फक्त त्याचे नियम वेगळे आहेत आणि ते घेणाऱ्याला माहीत हवेत.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसतं तोंडी ओपन. तिकिटावर कुठलीतरी तारीख टाकलेली असते, बदलाचे नियम कडक असतात, आणि एजंटने 'होऊन जाईल' एवढंच सांगितलेलं असतं. नुकसान होतं ते इथे.

माझ्या मावशीचं असंच झालं. ती दारव्ह्याकडची, मुलाकडे कॅनडाला गेली होती. तिकीट ओपन आहे असं तिला सांगितलं होतं, म्हणून तो कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या तळाशी ठेवून दिला. परतीची तारीख १२ जानेवारी छापलेली होती. सगळ्यांना वाटलं, ती नुसती नावापुरती. मार्चमध्ये यायचं ठरलं तेव्हा मुलाने फोन लावला, तर उत्तर आलं की प्रवासी १२ जानेवारीला आल्या नाहीत, परतीचा भाग रद्द झाला आहे. एका बाजूचं नवीन तिकीट काढून तिला आणावं लागलं. बदल १२ तारखेच्या आधी केला असता तर थोडक्यात भागलं असतं. विमान सुटून गेल्यावर तो 'नो-शो' होतो, आणि नो-शोचा नियम बदलाच्या नियमापेक्षा बहुतेकदा कडक असतो. स्वस्त भाड्यांत तर परतीचे सगळे पैसे जाऊ शकतात.

म्हणून तिकिटाचा कागद हातात आला की त्यावर काय पाहायचं ते नीट सांगते. ई-तिकिटाच्या पावतीवर तुमचं नाव, सहा अक्षरांचा पीएनआर आणि १३ आकडी तिकीट क्रमांक असतो. त्याखाली प्रत्येक विमानाची एक ओळ असते. या ओळीच्या एका टोकाला बऱ्याच पावत्यांवर दोन छोटे रकाने असतात : `NVB` आणि `NVA`. पहिल्यात लिहिलेल्या तारखेच्या आधी तो भाग वापरता येत नाही, दुसऱ्यातल्या तारखेच्या नंतर वापरता येत नाही. तुमच्या परतीच्या ओळीत `NVA` खाली समजा २८ नोव्हेंबर असेल, तर हे तिकीट त्या दिवसापर्यंतच चालेल, एजंटने वर्ष म्हटलं असलं तरी. दोन्ही रकान्यांत विमानाचीच तारीख असेल, तर तिकीट त्या दिवसाला बांधलेलं आहे. बदल करायचा तर भाड्याचे नियम पाहून ते नव्याने काढावं लागतं. रकाने कोरे असतील तर भाड्याचे नियमच मागून घ्या. त्यात `MAX STAY` आणि `PENALTIES` असे दोन मथळे असतात. पहिल्याखाली तिकिटाची मुदत असते, दुसऱ्याखाली बदलाचे आणि नो-शोचे पैसे. तुम्हाला एवढे दोनच वाचायचे आहेत, किंवा मुलीकडून वाचून घ्यायचे आहेत.

आणखी एका शब्दावर बरेच जण फसतात. तिकिटाची स्थिती तपासली तर पडद्यावर `OPEN FOR USE` किंवा नुसतं `OPEN` दिसतं. एजंट तेच दाखवून म्हणतो, 'हे बघा, ओपन लिहिलंय.' पण न वापरलेल्या प्रत्येक तिकिटावर ते दिसतं, उद्याच्या तारखेच्या पक्क्या तिकिटावरसुद्धा. त्याचा अर्थ एवढाच की हा भाग अजून वापरलेला नाही. तारीख मोकळी आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आता 'वर्षभर चालते' याबद्दल. साधा नियम असा आहे की तिकीट काढल्यापासून एक वर्षाच्या आत प्रवास सुरू करायचा, आणि पहिलं विमान पकडलं की त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत उरलेला प्रवास करायचा. म्हणजे एजंट अगदी खोटं बोलत नाही. पण हा नियम पूर्ण भाड्याच्या तिकिटासाठी आहे. स्वस्त भाड्यांना स्वतःची मुदत असते. कुठे तीन महिने, कुठे चार, कुठे सहा. ती मुदत `MAX STAY` खाली लिहिलेली असते आणि ती वर्षाच्या नियमावर मात करते. आपल्याकडे एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास घेतला की चार किंवा सात दिवस वाटेल तिथे फिरता येतं, म्हणून मुदत म्हटली की मोकळीक असं आपल्याला वाटतं. विमानाच्या तिकिटात मुदत म्हणजे फक्त बाहेरचं कुंपण. आत सीट मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न.

आणि तुमच्या बाबतीत तर वर्षाची मुदत मिळूनही उपयोग नाही. तुम्ही पर्यटक व्हिसावर जाणार. तो दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मुलांना भेटायला येणाऱ्या आईवडिलांना साधारणपणे सहा महिने मिळतात. ही तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती पासपोर्टवरच्या शिक्क्यात असेलच असं नाही, i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा नंबर टाकला की `Admit Until Date` समोर दिसते. तुम्ही २८ मेला निघून २९ला पोचलात, तर ती २८ नोव्हेंबरच्या आसपास येईल. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला ती उघडायला सांगा आणि तिचा फोटो काढून ठेवा. तिकीट पुढच्या मे महिन्यापर्यंत चालत असलं तरी तुम्हाला त्या तारखेच्या आत निघावं लागेल. एक दिवस जरी जास्त झाला तरी चालू व्हिसा बाद होतो, आणि पुढच्या नातवंडाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागतं. खरोखर जास्त राहायची वेळ आली तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज करावा लागतो, तोही निदान ४५ दिवस आधी करा असं तिथलं खातंच सांगतं.

म्हणजे तुम्ही ३४ हजार जास्त देऊन जे वर्ष विकत घेणार, त्यातले शेवटचे सहा महिने तुम्हाला वापरताच येणार नाहीत.

आता मला तुमच्या एका वाक्याशी थोडं थांबायचं आहे. परत कधी यायचं ते काहीच ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, बरंच ठरलेलं आहे, फक्त कागदावर मांडलेलं नाही. चला, मांडून पाहू.

मुलीची तारीख २० जून. पूर्ण दिवसांचं बाळ ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही होतं, म्हणजे ३० मेपासून ४ जुलैपर्यंत. तुमची २८ मेची तारीख म्हणूनच चांगली आहे, ती बदलू नका. निघण्याआधी जाण्याची तारीख बदलली तर सगळ्या तिकिटाचं भाडं त्या दिवसाच्या दराने पुन्हा मोजलं जातं, आणि ते सहसा महाग पडतं. बाळ अगदी उशिरा, ४ जुलैला झालं असं धरा. सव्वा महिना मोजला तर १३ ऑगस्ट येतो. त्याआधी तुम्ही काही निघणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ही झाली अलीकडची हद्द. पलीकडची हद्द आय-९४ची २८ नोव्हेंबर. त्यातले दहा दिवस हाताशी ठेवा, म्हणजे १८ नोव्हेंबर. विमान रद्द होतं, ताप येतो, त्यासाठी एवढी जागा लागतेच.

ऑगस्टचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य, असे तीन महिने उरले. त्यात दोन माणसांना एक-एक प्रश्न विचारा. मुलीला विचारा, तुझी रजा कधी संपते? बारा आठवड्यांची असेल तर २० जूनपासून मोजून १२ सप्टेंबर येतो. सहा महिने राहा असं ती म्हणते त्याच्या मागे बहुतेक हीच काळजी असेल, की कामावर परत गेल्यावर पहिले काही दिवस बाळाजवळ कोण? तिला खरंच सहा महिने हवे आहेत की कामाचे पहिले दोन-तीन आठवडे, हे तिलाच मोकळेपणाने विचारा. यजमानांना विचारा, तोड नेमकी कधी? आंबियाची फळं साधारण ऑक्टोबरपासून निघायला लागतात, पण बगीचा व्यापाऱ्याला उभाच देणार असाल तर सौद्याच्या वेळी तुमची गरज आहे, की तोडीच्या मजुरांचं पाहायला? दोन्हींत महिन्याभराचा फरक पडू शकतो.

ही दोन उत्तरं तुम्ही लिहिल्यासारखीच आली, तर तुमची तारीख सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडते. रजा संपून दोन आठवडे झालेले, तोड सुरू व्हायची बाकी. मी असते तर परतीची २८ सप्टेंबर टाकली असती. २८ मे ते २८ सप्टेंबर चार महिने होतात, म्हणून सहा महिन्यांची मुदत असलेलं भाडं मागा. चार महिन्यांच्या मुदतीचं भाडं थोडं स्वस्त मिळेल, पण त्यात एक दिवससुद्धा पुढे सरकता येणार नाही.

पुष्कळ जण सल्ला देतात की परतीची तारीख शक्य तेवढी लांबची टाका, मग हवं तेव्हा अलीकडे ओढा. मला ते पटत नाही. लांबची तारीख टाकली की बदल करावाच लागतो, म्हणजे बदलाचे पैसे जाणार हे नक्कीच. होण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेली तारीख टाकली तर निम्म्या वेळा बदलायची गरजच पडत नाही, असा माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

आता पैशांचा हिशोब. तारखेच्या तिकिटाला बदलाचा आकार किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते विचारून घ्या. समजा १५ हजार आहे. तारीख बदलली नाही तर तुमचे ३४ हजार वाचले. एकदा बदलली तर १५ हजार गेले, आणि भाड्यातला फरक १९ हजारांच्या आत असेल तोवर तुम्ही फायद्यातच आहात. दोनदा बदलली तर नुसता आकारच ३० हजार होतो, फरक वेगळा. तेव्हा मात्र महागाचं तिकीट बरोबरीला येतं.

हा 'भाड्यातला फरक' जरा समजून घ्या, कारण त्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. इकॉनॉमीतच सीटांचे कितीतरी वर्ग असतात, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं आणि प्रत्येकाचा दर वेगळा असतो. तुमचं तिकीट ज्या अक्षरात काढलं, त्याच अक्षरात नव्या तारखेला सीट असेल तर बहुतेकदा फक्त बदलाचा आकार लागतो. नसेल तर वरच्या अक्षरात जावं लागतं आणि फरक भरावा लागतो. म्हणून विमानात जागा रिकाम्या दिसत असताना तुम्हाला मात्र २५ हजार मागतात. खऱ्या ओपन तिकिटालाही हे चुकत नाही. ते तिकीटही कुठल्यातरी अक्षराचंच असतं आणि त्या अक्षरात सीट नसेल तर थांबा किंवा फरक भरा, हे तिथेही आहेच. वर तुमच्या नावाने आधीपासून एकही सीट धरलेली नाही. दिवाळीच्या तोंडावर घरी यायचं ठरवलं तर हे फार जाचतं. म्हणून दोन-तीन आठवडे आधी बदल केला तर स्वस्तात होतो आणि दोन दिवस आधी केला तर महागात.

१ लाख ५२ हजारांचं तिकीट घेण्यासारखं एकाच परिस्थितीत आहे : ते वरच्या भाड्याचं असेल, बदलाला आकार नसेल, आणि न वापरल्यास पैसे परत मिळत असतील. हे तीनही लेखी मिळालं तर सासूबाईंच्या तब्येतीकडे पाहून ते घेण्यात मी काही चूक मानणार नाही. तीनपैकी एकही गोष्ट तोंडी असेल तर घेऊ नका.

एकाच बाजूचं तिकीट काढून जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही ते करू नये. तिथल्या विमानतळावर अधिकारी विचारणार, किती दिवस राहणार? त्या वेळी २८ सप्टेंबरचं तिकीट पुढे केलं की तुमचं बोलणं आणि कागद एकच सांगतात. इंग्रजीची अडचण असेल तर कागदच तुमच्या वतीने बोलतो. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या लांबच्या मार्गांवर एका बाजूचं भाडं जाऊन-येऊनच्या निम्मं नसतं, बरंच जास्त असतं. याच कारणाने दुसरीही एक चूक टाळा : जाण्याचं वापरून परतीचं सोडून दिलं तर निम्मे पैसे परत मिळतील असं धरू नका. कंपनी आधी जाण्याचं एका बाजूचं भाडं कापते आणि मग उरलं तर देते, आणि उरतं ते फार थोडं.

तिकीट एकच काढा, नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत आणि परत नागपूरपर्यंत. नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली वेगळं, पुढचं वेगळं असं केलं तर सुरुवातीला दोन-तीन हजार वाचतात, पण तारीख बदलताना दोन तिकिटं बदलावी लागतात. आणि मोठं विमान उशिरा आलं तर पुढचं नागपूरचं सुटून गेलं ही तुमची जबाबदारी होते.

पैसे देताना एजंटला सांगा की पीएनआरमध्ये मोबाइल नंबर आणि ई-मेल मुलीचा टाक. सोयीसाठी एजंट बरेचदा स्वतःचाच टाकतात. मग चार महिन्यांत कंपनीने वेळ बदलली, विमान बदललं, तर निरोप त्यांच्या दुकानात येतो आणि तुम्हाला कळत नाही. वेळ बदलल्याचा निरोप आला तर घाबरू नका, ती उलट संधी असते. बदल मोठा असेल आणि कंपनीने स्वतःहून केला असेल तर तुम्हाला दुसरी तारीख सहसा फुकट घेता येते. त्या दिवशी लगेच फोन करा.

बदल कोण करणार हेही आधीच ठरवा. एजंटकडून काढलेलं तिकीट असेल तर कंपनी पुष्कळदा म्हणते, एजंटकडे जा. उन्हाळ्यात आपलं घड्याळ न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं. अमरावतीचं दुकान सकाळी ११ला उघडतं तेव्हा तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. संध्याकाळी साडेचार ते साडेसात या वेळात दुकान सापडतं, तेव्हा तिकडे सकाळचे ७ ते १० असतात. मुलीने तेव्हाच फोन करायचा. बदल झाला की नवीन पावती मागवून घ्यायची आणि १३ आकडी तिकीट क्रमांक बदललाय का ते पाहायचं. तारीख बदलली की बहुतेकदा तिकीट नव्याने काढलं जातं आणि नवा क्रमांक येतो. नुसती तारीख बदललेली दिसते पण क्रमांक जुनाच असेल, तर 'तिकीट रिइश्यू झालं का?' असं सरळ विचारा. सीट धरली पण तिकीट नव्याने काढलंच नाही, असं विमानतळावर कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाचाही विसर पडू देऊ नका. २८ सप्टेंबरला ००:४० असं लिहिलं असेल तर २७ तारखेच्या रात्रीच विमानतळावर असायला हवं. २८च्या रात्री गेलात तर विमान सुटून गेलेलं असतं, आणि तोही नो-शोच धरला जातो.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी तिकिटात काही सोय शोधण्यापेक्षा, वाचलेले ३४ हजार यजमानांच्या नावावर वेगळे काढून ठेवा, त्यात थोडी भर घाला आणि त्याला हात लावू नका. अचानक यायचं झालं तर दोन-तीन दिवसांत तुमच्या अक्षराची सीट मिळायची शक्यता कमी, म्हणून बदलाचा आकार आणि मोठा फरक असे ५०-६० हजार लागू शकतात असं धरून चला. त्या वेळी मुलीने दोन्ही आकडे विचारायचे : हेच तिकीट बदलायला किती, आणि एका बाजूचं नवीन काढायला किती. जे कमी पडेल ते. नवीन काढलं तर जुनं परतीचं तसंच सोडून देऊ नका, विमानाच्या तारखेआधी रद्द करा, म्हणजे निदान करांचे पैसे मागता येतात. आजारपणाचं कारण असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडून कंपनीला विनंती करा. काही कंपन्या आकार सोडतात, पण ती त्यांची सवलत असते, तुमचा हक्क नाही.

तुमच्या प्रवासाचा विमाही २८ सप्टेंबरपर्यंतच घेतला जाईल. परतीची तारीख पुढे गेली की त्याच दिवशी विमाही वाढवायचा, तो संपायच्या आत. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर सहा महिन्यांच्या न्या, चिठ्ठीसह.

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना अमेरिकेपेक्षा मुंबईचा प्रश्न जवळचा आहे, हे मला माहीत आहे. बडनेऱ्याहून किंवा वर्ध्याहून पेशंटला टाटाला घेऊन जायचं आणि डॉक्टर कधी सोडतील ते माहीत नाही. रेल्वेत आरक्षणाचं ओपन तिकीट मिळत नाही. आरक्षित तिकीट त्या गाडीचं आणि त्या तारखेचंच असतं. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. तिथेही हाच विचार लावा : पेशंटच्या फाइलवर पुढची तारीख काय लिहिली आहे ते पाहा, त्यापुढे दोन दिवस धरून परतीचं तिकीट काढा, आणि रद्द करायचं झालं तर गाडी सुटायच्या तोंडावर नव्हे, जमेल तितकं आधी करा, म्हणजे कमी कापलं जातं. अगदीच काही नसेल तर तत्काळ आहे. आदल्या दिवशी सकाळी एसीला १०ला आणि स्लीपरला ११ला. कर्करोगाच्या पेशंटला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते. त्यासाठीचा दाखला हॉस्पिटलमधून आधीच घ्या. परतीच्या तिकिटालाही तोच लागतो.

आता या आठवड्यात काय करायचं, ताई. एजंटला फोन करून म्हणा : नागपूर ते न्यू जर्सी, जाणं २८ मे, येणं २८ सप्टेंबर, मुदत सहा महिन्यांची, एकच तिकीट. या भाड्याचे `MAX STAY` आणि `PENALTIES` मला व्हॉट्सअॅपवर पाठव, त्यात बदलाचा आकार आणि नो-शोचा आकार दोन्ही दिसू दे. ते आलं की मुलीला दाखवा आणि मगच पैसे द्या. पावती आली की परतीच्या ओळीवर बोट ठेवून `NVA` खालची तारीख पाहा. ती १८ नोव्हेंबरच्या पुढची असेल तर तुमचं काम झालं. तिथे २८ सप्टेंबरच दिसली तर गोंधळू नका, `MAX STAY` खाली सहा महिने आहेत ना तेवढं पुन्हा वाचून घ्या.